गंजलेली सळई आणि लवादाचा तज्ज्ञ: रिपोर्टमध्ये किती बोलायचं, कुठे थांबायचं

बिल्डिंगच्या कामावरून बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टरचं वाजलं, पैसे अडकले, बैठका होऊन फिसकटल्या आणि प्रकरण आर्बिट्रेशनला म्हणजे लवादाकडे गेलं की दोन्हीकडून जाडजूड टेक्निकल रिपोर्ट यायला लागतात. एक म्हणतो काँक्रीटच निकृष्ट आहे, दुसरा म्हणतो काम एक नंबर आहे, मेंटेनन्स नाही केला त्याला आम्ही काय करणार. लवाद बहुतेक वेळा निवृत्त न्यायाधीश किंवा वकील असतात, त्यांना सळईवरचा काँक्रीटचा थर म्हणजे कव्हर मोजता येत नाही, मग 1996 च्या आर्बिट्रेशन अँड कन्सिलिएशन ॲक्टच्या कलम 26 खाली ते स्वतः एक तज्ज्ञ नेमू शकतात. हा तज्ज्ञ कुणाच्याच बाजूचा नसतो. त्याचा रिपोर्ट कसा तयार होतो, त्यात काय येतं आणि काय मुद्दाम येऊ द्यायचं नसतं, हे आज एका प्रकरणावरून सांगतो.

प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यात जे जे घडतं ते या कामात वारंवार दिसतं. कोकण किनाऱ्यावर समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर स्टिल्ट अधिक सात मजल्यांची बिल्डिंग आहे. ताबा दिल्यावर तिसऱ्या वर्षी स्टिल्ट पार्किंगच्या बीमना खालच्या बाजूने लांबच लांब तडे गेले, तड्यांतून तांबूस ओघळ आले आणि एक दिवस एका गाडीच्या बॉनेटवर काँक्रीटचा पोपडा पडला. सोसायटीने बिल्डरला धरलं, कारण रेराच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत असा दोष दाखवून दिला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. बिल्डरने कॉन्ट्रॅक्टरच्या बिलांतून हमी म्हणून कापून ठेवलेले रिटेन्शन मनीचे पैसे रोखले, वर सगळ्या 24 बीमच्या दुरुस्तीचा आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बाहेरच्या रंगाचा खर्च मागितला. कॉन्ट्रॅक्टर लवादाकडे गेला. लवादाने तज्ज्ञ नेमेपर्यंत बीम ओतून सात वर्षं झालेली.

पहिली गोष्ट म्हणजे लवादाने तज्ज्ञाला प्रश्न लिहून दिलेले असतात. इथे चार होते: दोष आहेत का आणि कुठे कुठे, त्यांची संभाव्य कारणं काय, काम करारातल्या ड्रॉइंग आणि स्पेसिफिकेशनप्रमाणे झालंय का, आणि वाजवी दुरुस्ती कोणती. बस. यात "कोण जबाबदार" हा प्रश्न नाही, तो लवादाचा आहे. करार कसा वाचायचा, नोटीस वेळेत दिली होती का, नुकसानभरपाई कुणी द्यायची, यातलं काहीही तज्ज्ञाच्या ताटात नाही. अनुभवी इंजिनिअरला हे सगळ्यात जड जातं, कारण साइटवर गेल्यावर त्याला दहा मिनिटांत अंदाज आलेला असतो आणि हात शिवशिवत असतात लिहायला की "कॉन्ट्रॅक्टरच्या हलगर्जीपणामुळे". हलगर्जीपणा हा कायद्याचा निष्कर्ष आहे. तज्ज्ञाने लिहायचं की ड्रॉइंगमध्ये 30 मिलिमीटर कव्हर दाखवलंय आणि या बीमवर 13 ते 19 मिळालं. त्या फरकाला काय नाव द्यायचं ते लवाद बघेल.

कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्या मधलं अंतर. ते मोजायचं सगळ्यात बाहेरच्या सळईपासून, म्हणजे बीममध्ये मुख्य सळयांभोवती बांधलेल्या रिंगपासून. ओल, हवा आणि मीठ सळईपर्यंत पोचायला या थरातून जावं लागतं, त्यामुळे तो जितका जाड तितका वेळ जास्त. शटरिंगमध्ये सळई उचलून धरायला कव्हर ब्लॉक लावतात, ते कमी पडले किंवा ओतताना कुणी पाय दिला आणि पिंजरा खाली बसला की कव्हर गेलं. भरल्यावर बाहेरून काही कळत नाही.

आता पाहणी. पाहणीची तारीख दोन्ही बाजूंना एकाच मेलमध्ये कळवायची आणि दोघांचे इंजिनिअर हजर असताना मोजायचं. बिल्डर म्हणेल साहेब गाडी पाठवतो, तर नको म्हणायचं आणि आपण आपलं जायचं. एका बाजूने फोन करून काही सांगितलं तर तेवढंच लिहून दुसऱ्या बाजूला आणि लवादाला पाठवायचं. हे फक्त शिष्टाचार म्हणून नाही, कायद्याच्या कलम 18 प्रमाणे दोन्ही पक्षांना समान वागणूक मिळालीच पाहिजे, आणि तज्ज्ञाने एकाच्याच सांगण्यावर काही लिहिलं असं नंतर निघालं तर रिपोर्टच नाही तर निवाड्यावरही बोट ठेवलं जाऊ शकतं. या केसमध्ये आणखी एक भानगड होती, बिल्डिंग आता सोसायटीच्या ताब्यात आणि सोसायटी तर लवादात पक्षकारच नाही, त्यामुळे ड्रिल मारायला आणि प्लास्टर फोडायला सोसायटीची लेखी परवानगी आधी आणावी लागली, नाहीतर वॉचमनने गेटवरच अडवलं असतं.

दोन्ही बाजूंचे आधीचे रिपोर्ट वाचायचे, पण त्यांतले आकडे उचलायचे नाहीत, ते आकडे आले कसे ते तपासायचं. इथे दोन्हीकडे एकेक खोट निघाली. बिल्डरच्या कन्सल्टंटने रिबाउंड हॅमर मारून लिहिलं होतं की काँक्रीट एम-15 च्या आसपासचं आहे, करारात एम-25, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकदीचं. हॅमर पृष्ठभागावर आपटून किती उसळतो यावरून ताकदीचा अंदाज देतो आणि आपलं भारतीय मानकच सांगतं की तो अंदाज वर-खाली 25 टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. त्यात फोटोत दिसत होतं की बीम ओला आहे, आणि ओल्या पृष्ठभागावर हॅमर कमी दाखवतो. दुसरीकडे कॉन्ट्रॅक्टरच्या टेस्टमध्ये कव्हर 28 ते 34 मिलिमीटर आलेलं, म्हणजे जवळपास ठीकच. पण कव्हरमीटर प्लास्टरवर ठेवून मोजलं होतं, आणि प्लास्टर होतं 15 मिलिमीटर! यंत्राला प्लास्टर आणि काँक्रीट यातला फरक कळत नाही, ते सळईपर्यंतचं अंतर सांगतं. 15 वजा केले की उरतात 13 ते 19.

दोन्ही चुका रिपोर्टमध्ये सारख्याच सुरात लिहायच्या. एकाच्या चुकीला "दिशाभूल" आणि दुसऱ्याच्या चुकीला "तांत्रिक त्रुटी" म्हटलं की तज्ज्ञाचा कल उघडा पडतो, उलटतपासणीत वकील नेमकं तेच शोधत बसलेला असतो. हेतूबद्दल तर बोलायचंच नाही, हेतू कव्हरमीटरने मोजता येत नाही.

ताकदीचा प्रश्न सोडवायला कोअर काढले, म्हणजे पोकळ ड्रिलने काँक्रीटचा दंडगोल कापून तो लॅबमध्ये दाबून फोडला. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस 456 म्हणतं किमान तीन कोअर हवेत, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के तरी हवी आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली नको. एम-25 साठी म्हणजे सरासरी 21.25 आणि एकेकटा 18.75. आले 24.1, 22.6 आणि 19.8, सरासरी 22.2. पास. आता इथे वाक्य कसं लिहायचं बघा. "काँक्रीट उत्तम दर्जाचं आहे" असं नाही, कारण तीन कोअर सगळ्या बिल्डिंगबद्दल बोलत नाहीत आणि ताकद म्हणजे टिकाऊपणा नव्हे. लिहायचं इतकंच: ज्या तीन जागांवरून कोअर काढले तिथलं काँक्रीट आयएस 456 च्या कोअरच्या निकषात बसतं, आणि हॅमरवरून काढलेल्या एम-15 या आकड्याला यातून दुजोरा मिळत नाही. बिल्डरचा एक मोठा मुद्दा इथे पडतो हे खरंय, पण तो पडला असं ओरडून सांगायची गरज नाही, आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुरे.

मग बीम कुठले निवडायचे हा प्रश्न. बिल्डरचा माणूस तुम्हाला सरळ सगळ्यात वाईट बीमखाली नेऊन उभा करतो, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस रंगवलेल्या चकाचक बीमकडे. कुणाच्याही मागे गेलात तर मोजमाप बरोबर येईल आणि चित्र चुकीचं. स्टिल्टमध्ये बीम 24 च होते म्हणून सगळेच मोजले, प्रत्येकावर ठरलेल्या अंतराने रीडिंग घेतली आणि यंत्र खरं बोलतंय का बघायला काही ठिकाणी छिन्नीने फोडून पट्टीने कव्हर पाहिलं. जास्त बीम असते तर आधी नकाशावर आकडे टाकून दोन्ही बाजूंसमोर चिठ्ठ्या काढल्या असत्या आणि खराब बीमचा हिशोब वेगळा ठेवला असता.

आणि इथे गंमत आली. पश्चिमेला समुद्राकडे तोंड केलेले आठ बीम, त्यातले सहा खराब, त्यांचं कव्हर 13 ते 19. उरलेले दोन चांगले, त्यांचं 31 आणि 33. आतल्या बाजूचे सोळा, जिथे मोजता आलं तिथे कव्हर 17 ते 26, म्हणजे एकही 30 ला पोचत नाही, तरी त्यातला फक्त एक खराब.

हे नीट वाचा, कारण रिपोर्टचा जीव इथे आहे. कव्हर कमी म्हणून बीम खराब झाला म्हणावं, तर आतले पंधरा कमी कव्हरचे बीम धडधाकट आहेत. खारी हवा हेच कारण म्हणावं, तर त्याच वाऱ्यात उभे असलेले दोन बीम ठणठणीत आहेत. म्हणजे बिल्डरचं "काम वाईट" आणि कॉन्ट्रॅक्टरचं "समुद्र आहे, काय करणार" ही दोन्ही एकेकटी वाक्यं मोजमापांशी जुळत नाहीत, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे नुकसान झालंय. तज्ज्ञ हे लिहू शकतो, पण लगेच पुढे हेही लिहायला हवं की समुद्राकडचे चांगले बीम दोनच आहेत, आणि दोनावरून फार मोठा नियम काढता येत नाही.

म्हणून दुसऱ्या बाजूने तपासायचं. सळई गंजायचे मुख्य दोन रस्ते आहेत. एक कार्बोनेशन, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटचा अल्कलीपणा घालवत आत सरकतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की शाबूत भाग गुलाबी होतो आणि गेलेला भाग तसाच राहतो. इथे 6 ते 8 मिलिमीटरच आत गेलेलं, सळई निदान 13 वर, म्हणजे हा रस्ता जवळपास बाद. दुसरा रस्ता क्लोराइड, म्हणजे मीठ. पण मीठ आलं कुठून? बिल्डरने आरोप केला होता की कॉन्ट्रॅक्टरने खाडीची न धुतलेली वाळू वापरली, म्हणजे मीठ काँक्रीटमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वाऱ्याने आलं. दोघांचाही दावा ऐकायला पटतोच, आणि साक्षीदार तर दोघांकडेही आहेत.

हे ठरवायची सोपी आणि सुंदर पद्धत आहे. प्लास्टर काढून काँक्रीटमध्ये ड्रिल मारायचा आणि दर 10 मिलिमीटरला भुकटी वेगळी गोळा करून तिच्यातलं क्लोराइड मोजायचं. मीठ वाळूतून आलं असेल तर ते सगळ्या खोलीवर साधारण सारखं सापडतं, बाहेरून आलं असेल तर पृष्ठभागाजवळ भरपूर आणि आत जाल तसं कमी. समुद्राकडच्या बीममध्ये पहिल्या 10 मिलिमीटरला एका घनमीटर काँक्रीटमागे 2.9 किलो, मग 1.9, मग 1.0 आणि 30 ते 40 च्या थरात 0.4. सरळ उतरती. आतल्या बीममध्ये सगळीकडे 0.2 च्या आसपास, सपाट. आयएस 456 ओतताना जास्तीत जास्त 0.6 किलो चालवून घेतं, आतल्या बीममधलं 0.2 त्याच्या बरंच खाली आहे. वाक्य असं होईल: तपासलेल्या नमुन्यांत मीठ मुळात मिसळलेलं असल्याचं दिसत नाही, समुद्राकडच्या बीममध्ये ते बाहेरून आत शिरल्याचं दिसतं. खाडीच्या वाळूचा आरोप "खोटा" आहे असं तज्ज्ञ म्हणत नाही, या नमुन्यांतून त्याला आधार मिळत नाही एवढंच म्हणतो.

इथे एक चूक बऱ्याच रिपोर्टमध्ये दिसते म्हणून सांगतो. 0.6 ही ओततानाची मर्यादा आहे, सळई नेमकी ज्या क्षणी गंजायला लागते तो आकडा नव्हे. गंज सुरू व्हायला साधारण सिमेंटच्या वजनाच्या 0.4 टक्के क्लोराइड धरतात, मिक्सच्या नोंदीत 320 किलो सिमेंट होतं, म्हणजे घनमीटरला सव्वा किलोच्या जवळपास. हाही आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नाही, सिमेंट कुठलं, ओल किती यावर तो हलतो, आणि तो धरलाय हे रिपोर्टमध्ये गृहीतक म्हणून उघड लिहायचं. त्या हिशोबाने सव्वा किलोची पातळी आज साधारण 22 मिलिमीटर खोलीपर्यंत पोचलीये. खराब बीमची सळई 13 ते 19 वर, म्हणजे हद्दीच्या आत. चांगल्या दोघांची 31 आणि 33 वर, म्हणजे अजून बाहेर. बीम मोजून जे दिसलं तेच मीठ मोजूनही दिसतंय, आता मघाचा तो दोन बीमवरचा निष्कर्ष पुष्कळ भक्कम झाला.

आता खरी परीक्षा. लवादाला साहजिकच जाणून घ्यायचंय की कव्हर ड्रॉइंगप्रमाणे 30 असतं तर हे झालं असतं का. "झालं नसतं" असं लिहायचा मोह फार होतो, आणि ते लिहिलं तर रिपोर्ट तिथेच घसरला. मोजमापं सांगतात ती एवढंच की 30 वर आज, सात वर्षांनी, मीठ पुरेसं पोचलेलं नाही. उद्याचं काय? ढोबळ नियम असा की मिठाची खोली दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. 22 मिलिमीटरला सात वर्षं धरली तर 30 ला साधारण तेरा वर्षं आणि 45 ला तीसेक वर्षं येतात. हा हिशोब देताना सांगावं लागतं की यात काँक्रीट सगळीकडे सारखं आणि बिनतड्याचं धरलंय, बाहेरचं मीठ वर्षानुवर्षं तेवढंच धरलंय, आणि प्रत्यक्षात काही वर्षांचा फरक सहज पडेल. म्हणून मत असं लिहायचं: कव्हर 30 असतं तर आज दिसणारं नुकसान पाहणीच्या तारखेपर्यंत बहुधा दिसलं नसतं, पण बिल्डिंगच्या अपेक्षित आयुष्यात ते कधीच झालं नसतं असं उपलब्ध माहितीवरून म्हणता येत नाही. यातला पहिला अर्धा बिल्डरला आवडेल, दुसरा कॉन्ट्रॅक्टरला, आणि दोन्ही अर्धे एकाच वाक्यात असलेच पाहिजेत, कारण वकील अर्धं वाक्य उचलून वापरतो.

तुमच्या लक्षात आलं असेल, वर 45 मध्येच कुठून आलं. आयएस 456 मध्ये किनाऱ्याच्या वातावरणात उघड्या असलेल्या काँक्रीटला "सिव्हिअर" म्हणजे तीव्र गटात टाकलंय, त्याला किमान एम-30 आणि 45 मिलिमीटर कव्हर हवं. या बिल्डिंगच्या ड्रॉइंगवर "मॉडरेट", एम-25 आणि 30 लिहिलेलं. मॉडरेटमध्येही किनारी भाग येतो, पण खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट. आतले सोळा बीम आडोशाला आहेत असं म्हणायला जागा आहे, समुद्राकडच्या आठांबद्दल तसं म्हणणं अवघड आहे. म्हणजे प्रश्न डिझाइनचाही निघाला, आणि डिझाइनर बिल्डरने नेमलेला! पण लवादाच्या चार प्रश्नांत डिझाइन बरोबर होतं का हा प्रश्नच नाही.

अशा वेळी तज्ज्ञ दोन प्रकारे चुकतो. एक तर गप्प बसतो, म्हणजे निकालावर परिणाम करणारी गोष्ट माहीत असून दडवतो. किंवा उत्साहाच्या भरात डिझाइनवर चार पानं लिहून मोकळा होतो, ज्यावर दोन्ही पक्षांना म्हणणं मांडायची संधीच मिळालेली नाही. बरोबर रस्ता म्हणजे लवादाला पत्र लिहायचं, प्रत दोन्ही बाजूंना, की पाहणीत असा मुद्दा पुढे आलाय, दिलेल्या प्रश्नांत तो बसत नाही, यावर मत हवं असल्यास तसं कळवावं. 1993 साली इंग्लंडमध्ये इकेरियन रीफर नावाच्या जहाजाच्या केसमध्ये कोर्टाने तज्ज्ञाची कर्तव्यं मांडली होती आणि जगभरच्या लवादांत त्यांचा आजही आधार घेतला जातो. त्यात हे येतंच की आपल्या मताला छेद देणारी गोष्ट गाळायची नाही, प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, माहिती पुरेशी नसेल तर मत तात्पुरतं आहे असं म्हणायचं.

माहिती पुरेशी नसण्याचं उदाहरण याच बिल्डिंगमध्ये आहे, आतल्या बाजूचा तो एकटा खराब बीम. त्याच्या डोक्यावरून पावसाच्या पाण्याचा पाइप जातो, पाइपच्या जोडाला ओल आहे, आसपास मीठ 0.2, कार्बोनेशन 8 मिलिमीटर. पाइप गळला म्हणून बीम गेला, हे लिहायला हात पुढे सरसावतो. पण सोसायटीने पाहणीच्या आधीच तो भाग खरवडून पॉलिमर मॉर्टरने भरून टाकला होता, त्यामुळे मूळ कव्हर किती होतं, तिथे काँक्रीट पोकळ राहिलं होतं का, यातलं काहीच आता बघता येत नाही. सोसायटीलाही दोष देता येत नाही, खाली गाड्या उभ्या असतात, पोपडा डोक्यावर पडायची वाट कोण बघणार. तर या बीमपुढे लिहायचं की गळती हे एक शक्य कारण आहे, स्थानिक पोकळी किंवा फार कमी कव्हर हीही शक्य आहेत, आणि यातलं कुठलं हे ठरवता येत नाही. काही जणांना वाटतं असं लिहिणं म्हणजे तज्ज्ञाची नामुष्की. उलट आहे, बाकी सहा बीमबद्दल तुम्ही ठामपणे लिहिलेलं वजनदार होतं ते यामुळेच.

दुरुस्तीचा प्रश्नही असाच तुकड्यांनी सोडवायचा. बिल्डरने 24 बीम आणि अख्खा रंग मागितलाय. तज्ज्ञ एकच रक्कम टाकत नाही. सात खराब बीमना आजच सैल काँक्रीट काढून, सळईच्या मागपर्यंत मोकळं करून, गंज साफ करून, गरज असेल तिथे सळई जोडून पुन्हा भरावं लागेल, याच्या धावत्या मीटरमध्ये मोजण्या द्यायच्या आणि सातवा बीम वेगळ्या ओळीत ठेवायचा, कारण त्याचं कारण अनिश्चित आहे. आतले पंधरा, ज्यांचं कव्हर ड्रॉइंगपेक्षा कमी पण नुकसान नाही, त्यांच्यासाठी संरक्षक कोटिंग हा वेगळा हिशोब, आणि तो मंजूर करायचा की नाही हे करारातल्या कव्हरचा भंग किती गंभीर मानायचा यावर अवलंबून, म्हणजे लवादावर. समुद्राकडच्या बीमना 45 मिलिमीटरइतकं संरक्षण द्यायचं ठरवलं तर बिल्डरला करारापेक्षा चांगली वस्तू मिळते, तो वाढीव भाग वेगळा दाखवायचा. अख्ख्या बिल्डिंगच्या रंगाचा स्टिल्टच्या बीमशी संबंध दाखवणारं मोजमाप आढळलं नाही, एवढं एक वाक्य. असं "हे धरलंत तर इतकं, ते धरलंत तर तितकं" लिहिलं की लवादाला कुठल्याही निष्कर्षावर आकडा तयार मिळतो आणि तज्ज्ञाने तो निष्कर्ष आधीच गृहीत धरलेला नसतो.

रिपोर्टची मांडणी सुद्धा याच शिस्तीत. काय बघितलं, काय मोजलं, काय कागदांत वाचलं, काय कुणी सांगितलं, यांच्या खोल्या वेगळ्या. "वाळू आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटच्या नोंदीप्रमाणे नदीची" हे कागदात वाचलेलं, "वाळू नदीची" असं सरळ लिहिलं की ते तज्ज्ञाचं स्वतःचं म्हणणं होऊन बसतं. फोटोत पट्टी ठेवलेली हवी, बीमचा नंबर हवा, तारीख हवी. मत देताना प्रत्येक मताच्या शेजारी कुठल्या मोजमापावर ते उभं आहे त्याचा परिच्छेद नंबर. एक साधी चाचणी मी नेहमी लावतो, दोन्ही पक्षांची नावं झाकून रिपोर्ट वाचायचा, आणि लिहिणाऱ्याला कुणी पैसे दिले असतील याचा अंदाज बांधता आला तर तो भाग पुन्हा लिहायचा. "दुर्दैवाने", "धक्कादायक", "सरळसरळ" असले शब्द तिथेच सापडतात.

मसुदा दोन्ही बाजूंना पाठवून ठराविक दिवसांत लेखी हरकती मागवणं ही चांगली प्रथा आहे. या केसमध्ये कॉन्ट्रॅक्टरने हरकत घेतली की एका बीमचा नंबर नकाशाशी जुळत नाही, ती बरोबर होती, तो बदलला. बिल्डरने हरकत घेतली की कोअर चांगल्या जागेवरून काढले, त्याला जागा निवडतानाच्या दोघांच्या सह्यांचा कागद जोडून उत्तर दिलं. हरकती आणि उत्तरं दोन्ही परिशिष्टात, काय बदललं आणि का बदललं ते उघड.

यानंतरही कलम 26 प्रमाणे एखाद्या पक्षाने मागितलं किंवा लवादाला गरज वाटली तर तज्ज्ञाला सुनावणीत बसावं लागतं, दोन्ही वकील प्रश्न विचारतात, आपापले तज्ज्ञ समोर आणू शकतात, आणि तज्ज्ञाकडे असलेली कागदपत्रं आणि नमुने बघायला मागू शकतात, म्हणून भुकटीच्या पुड्या आणि फुटलेले कोअर निकाल लागेपर्यंत फेकायचे नाहीत. प्रश्न साधारण असा येतो: "म्हणजे तुमचं म्हणणं आहे की कॉन्ट्रॅक्टरने कव्हर बरोबर ठेवलं असतं तर आज आपण इथे बसलोच नसतो, हो की नाही?" हो म्हटलं तर डिझाइनचा मुद्दा गायब, नाही म्हटलं तर 13 ते 19 चा आकडा गायब. उत्तर रिपोर्टमध्ये आहे तेच द्यायचं, आजपर्यंतचं नुकसान बहुधा नाही, पुढचं सांगता येत नाही, परिच्छेद अमुक. समोरच्याने नवा पुरावा दाखवला, समजा सातव्या बीमचे खरवडण्याआधीचे फोटो सोसायटीच्या एखाद्या सभासदाच्या मोबाईलमध्ये सापडले आणि त्यात सळई काँक्रीटला अक्षरशः चिकटून दिसतेय, तर मत बदलायचं, तसं लेखी कळवायचं, आणि ते पत्र एकाच वेळी लवादाला आणि दोन्ही बाजूंना पाठवायचं.